संध्याकाळच्या ऑनलाइन तासाला स्क्रीनचा उजेड आणि पिवळसरपणा किती ठेवावा

"मॅडम, मुलगी सहावीत आहे. संध्याकाळी साडेसहा ते आठ तिचा ऑनलाइन तास असतो. ग्रुपवर कोणीतरी टाकलं म्हणून मी मोबाइलचा ब्राइटनेस अगदी कमी केला आणि स्क्रीन पूर्ण पिवळी करून ठेवली. आता ती म्हणते, नीट दिसूनच नाही राहिलं, आणि डोकंही दुखतं. नेमकं किती ठेवायचं?"
एक पालक, प्रतापनगर, नागपूर

आज संध्याकाळच्या तासाआधी एवढे करावे: खोलीतला दिवा चालू ठेवावा, ब्राइटनेस वाढवून स्क्रीनवरचा पांढरा भाग मुलीच्या वहीच्या पानाइतका उजळ दिसेल असा करावा, आणि पिवळसरपणाची पट्टी मागे आणून साधारण एक तृतीयांशावर ठेवावी. याची कारणे आणि हे घरी कसे जमवायचे, ते पुढे सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न माझ्या वर्गातल्या अनेक पालकांनी या ना त्या रूपात विचारला आहे.

ब्राइटनेस आणि पिवळसरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याला आलेल्या संदेशात त्या एकच असल्यासारख्या सांगितल्या गेल्या असाव्यात. ब्राइटनेसचा संबंध तास चालू असतानाच्या आरामाशी आहे: अक्षर स्पष्ट दिसते का, डोळे मिचकवावे लागतात का, मूल मोबाइलवर वाकते का. पिवळसरपणाचा संबंध रात्रीच्या झोपेशी जोडला जातो, आणि तोही मर्यादित आहे. पहिली गोष्ट चुकली तर त्रास त्याच संध्याकाळी दिसतो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

ब्राइटनेस ठरवण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. ज्या जागी मूल तासाला बसते त्याच जागी, त्याच दिव्यात, मोबाइल किंवा लॅपटॉप नेहमीसारखा उभा करावा आणि त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून, वहीचे कोरे पान धरावे. स्क्रीनवर पांढरे पान उघडावे. कोरी नोंदवही किंवा रिकामी चिठ्ठी असली तरी चालते. आता मुलाच्या जागी बसून दोन्हींकडे एकदम पाहावे. स्क्रीन स्वतः दिवा असल्यासारखी चमकत असेल आणि तिच्याशेजारी कागद मळकट वाटत असेल, तर ब्राइटनेस जास्त आहे. कागद उजळ आणि स्क्रीन करडी, धुरकट वाटत असेल, तर तो कमी आहे. दोन्ही जवळपास सारखे दिसले, स्क्रीन किंचित उजळ असली तरी, की पट्टी तिथेच सोडावी. मुलाची नजर तासभर स्क्रीनवरून वहीवर आणि वहीवरून स्क्रीनवर फिरत असते. दोन्हींचा उजेड सारखा असला की बाहुलीला दर वेळी आकुंचन-प्रसरण करावे लागत नाही. ही चाचणी मी फार महत्त्वाची मानते, कारण फळ्यावरचे उतरवून घेणाऱ्या मुलाची ती प्रत्यक्ष स्थिती आहे.

"किती टक्के ठेवू?" असे बरेच पालक विचारतात, आणि मी आकडा देण्याचे टाळते. एका मोबाइलवरचे 40 टक्के आणि दुसऱ्यावरचे 40 टक्के यांत मोठा फरक असतो. शिवाय अनेक मोबाइलमध्ये पट्टी अर्ध्यावर आणली म्हणजे प्रत्यक्ष उजेड अर्धा झाला असे होत नाही. ती डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाप्रमाणे आखलेली असते. त्यामुळे शेजाऱ्यांच्या मुलाचा आकडा आपल्या मुलाला लागू पडत नाही, वहीचे पान मात्र सगळ्यांना लागू पडते. एकदा जमले की पट्टी कुठे थांबली ते पाहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी शोधावे लागणार नाही.

आपोआप बदलणाऱ्या ब्राइटनेसबद्दलही सांगणे आवश्यक आहे, कारण मोबाइलमध्ये ती सोय बहुधा चालू असते. मोबाइलच्या वरच्या कडेला प्रकाश मोजणारा एक बारीक संवेदक असतो. मोबाइल पुस्तकाला टेकवून तिरपा उभा केला आणि वर ट्यूबलाइट असली, तर तो संवेदक थेट दिव्याकडे पाहतो आणि स्क्रीन गरजेपेक्षा उजळ करतो. मूल पुढे वाकले की त्याची सावली पडून स्क्रीन मंद होते. मागे सरकले की पुन्हा उजळ. असा चढउतार तासात वीस वेळा झाला तरी मुलाला तो सांगता येत नाही, ते फक्त "डोळे थकले" म्हणते. जाड कव्हर किंवा वेडीवाकडी लावलेली काच यांनी तो संवेदक झाकला गेला असेल, तर स्क्रीन कायम मंद राहते. खोलीतला दिवा तासभर एकसारखा असेल तर ही सोय तेवढ्या वेळापुरती बंद ठेवून ब्राइटनेस हाताने ठरवणे चांगले.

आता खोलीकडे वळू. "डोळ्यांना आराम" म्हणून काही घरांत दिवा बंद करून मुलाला स्क्रीनसमोर बसवतात. हे मला तासाला माझ्या स्क्रीनवरच्या त्याच्या चौकटीत लगेच कळते. अंधाऱ्या खोलीत बसलेल्या मुलाचा चेहरा निळसर दिसतो आणि मी पांढरी स्लाइड बदलून गडद स्लाइड लावली की तो चेहराही त्याच क्षणी काळवंडतो. चेहऱ्यावर पडणारा उजेड माझ्या स्लाइडबरोबर बदलत असेल, तर त्या खोलीत स्क्रीनशिवाय दुसरा दिवा नाही असे समजावे. काळोखात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि समोरचा एकच चौकोन झगझगीत असतो. अशा वेळी ब्राइटनेस कितीही खाली आणला तरी तो विरोध पूर्ण जात नाही. दिवा लावणे हा पहिला उपाय आहे, पट्टी हा दुसरा.

दिव्याची जागाही पाहावी. तो मुलाच्या पाठीमागे असेल तर त्याचे प्रतिबिंब स्क्रीनवर पडते आणि ते दिसू नये म्हणून पालक ब्राइटनेस वाढवत जातात. तो स्क्रीनच्या मागे, मुलाच्या नजरेसमोर असेल तर डोळे दिपतात. लिहिण्याच्या हाताची सावली वहीवर पडणार नाही अशा बाजूने आणि वरून आलेला उजेड उत्तम. बंद स्क्रीनकडे मुलाच्या जागेवरून पाहिले की काळ्या काचेत दिव्याची रेघ कुठे दिसते ते कळते. रेघ दिसेनाशी होईपर्यंत मोबाइलचा कल किंवा खुर्ची थोडी फिरवावी. लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर एकच लहान बल्ब उरला, तर खोली एकदम मंद होते आणि स्क्रीन मात्र तशीच राहते. तेवढ्यापुरता ब्राइटनेस हाताने खाली आणावा, हे मुलालाच शिकवून ठेवावे.

पिवळसरपणाबद्दल जरा खोलात लिहिते, कारण गैरसमज तिथे जास्त आहेत. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात, त्यांत मेलानोप्सिन नावाचे द्रव्य असते. त्या पेशी निळ्या प्रकाशाला, साधारण 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीला, सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि अजून दिवस आहे की रात्र झाली, हे मेंदूला कळवतात. रात्री असा प्रकाश भरपूर मिळाला तर झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवते. मुलांच्या डोळ्यांतले भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असते आणि बाहुल्याही मोठ्या असतात, त्यामुळे त्यांच्यापर्यंत हा प्रकाश जास्त पोहोचतो. स्क्रीन पिवळसर केली की तिच्यातला निळा भाग कमी होतो. इथपर्यंतचा विचार बरोबर आहे.

मात्र त्या पेशींना रंगाबरोबर प्रकाशाचे प्रमाणही कळते. स्क्रीन पिवळी केली पण ती डोळ्यांजवळ आणि झगझगीत ठेवली, तर फायदा थोडाच उरतो. 2021 मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने तरुणांवर केलेल्या अभ्यासात, झोपण्यापूर्वी आयफोनचे Night Shift चालू ठेवणाऱ्यांच्या आणि बंद ठेवणाऱ्यांच्या झोपेत फरक आढळला नाही. तो अभ्यास लहान मुलांवरचा नाही, तरीही केवळ पिवळी पट्टी ओढली की झोपेचा प्रश्न सुटला असे मानू नये, एवढे त्यावरून निश्चित घेता येते. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळे खराब होतात, या समजुतीलाही आधार सापडलेला नाही. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था हेच सांगते. तासाअखेरीस डोळे चुरचुरतात ते बहुतेक वेळा पापण्या कमी लवल्यामुळे. एरवी माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लवतो, स्क्रीनकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते, आणि त्यातून पंख्याचा किंवा कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर असेल तर डोळे आणखी लवकर कोरडे पडतात. त्यावर पिवळसरपणा काहीच करू शकत नाही; कूलरची दिशा बदलणे करू शकते.

आपल्या घरांतला आणखी एक पैलू पालकांच्या ध्यानात येत नाही. बहुतेक घरांत मुलांच्या खोलीत पांढऱ्या उजेडाची एलईडी ट्यूब असते, तिच्या खोक्यावर "कूल डेलाइट" आणि 6500 केल्विन असे छापलेले असते. हा आकडा प्रकाशाच्या रंगाचा आहे: 6500 म्हणजे दिवसासारखा निळसर पांढरा, 2700 ते 3000 म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा. खोलीभर दिवसासारखा पांढरा उजेड आणि त्यात हातभर अंतरावरचा मोबाइल तेवढा गडद पिवळा, अशी स्थिती आपण निर्माण केली तर मुलाच्या डोळ्यांत निळा प्रकाश ट्यूबकडून येतच राहतो, आणि आजूबाजूच्या पांढऱ्या उजेडात स्क्रीन मात्र चहा सांडल्यासारखी दिसते. म्हणून पांढऱ्या ट्यूबखाली पिवळसरपणा हलकाच ठेवावा. शक्य असेल तर तास संपल्यानंतरच्या वेळेसाठी त्या खोलीत एक वॉर्म व्हाइट बल्ब, खोक्यावर 2700 किंवा 3000 केल्विन छापलेला, वेगळ्या बटणावर लावून घ्यावा. बर्डीवर विजेच्या कोणत्याही दुकानात तो साध्या एलईडी बल्बच्या किमतीतच मिळतो. झोपेच्या दृष्टीने मला तो मोबाइलच्या पट्टीपेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो.

पूर्ण पिवळी स्क्रीन अभ्यासाला कशी अडवते, हे मला माझ्याच वर्गातल्या सातवीच्या एका मुलाकडून शिकायला मिळाले. वनस्पती पेशीच्या आकृतीवर जी नावे वहीत लिहायची होती, ती मी पिवळ्या रंगाने अधोरेखित केली होती. सगळ्यांनी ती लिहिली, त्याने एकही लिहिले नाही. विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, पिवळं काही नाहीच आहे तिथं." मला वाटले त्याचे लक्ष नव्हते. त्याच्या आईने स्क्रीनशॉट पाठवला, त्यात पिवळ्या रेघा स्वच्छ दिसत होत्या, आणि माझी शंका बळावली. त्या मुलावर मी अन्याय केला होता.

घडले होते ते असे. स्क्रीनवरचा पांढरा रंग लाल, हिरवा आणि निळा मिळून तयार होतो, पिवळा रंग लाल आणि हिरवा मिळून. म्हणजे पांढऱ्या आणि पिवळ्यात फरक फक्त निळ्याचा आहे. पिवळसरपणाची पट्टी निळाच कमी करते. ती शेवटपर्यंत ओढली की पांढरे पान पिवळे होते आणि त्यावरची पिवळी रेघ त्यात विरघळून जाते. निळ्या शाईचे अक्षर काळपट होते, नकाशातला फिकट निळा समुद्र करड्या-हिरव्या जमिनीसारखा दिसू लागतो. स्क्रीनशॉटमध्ये यातले काहीच येत नाही, कारण हा बदल चित्र तयार झाल्यावर, स्क्रीनवर दाखवताना केला जातो. दुसऱ्या मोबाइलने फोटो काढला तरी त्याचा कॅमेरा रंग आपल्यापरीने दुरुस्त करतो. त्यामुळे शंका आली तर स्क्रीनशॉट पाठवण्याऐवजी मुलाच्या जागी बसून पाहावे. कोऱ्या पांढऱ्या पानावर पिवळ्या रंगाने एक शब्द लिहिलेले कोणतेही चित्र उघडावे आणि पट्टी हळूहळू वाढवावी. तो शब्द शोधावा लागू लागला की त्या जागेच्या बरेच मागे यावे.

त्या मुलाचे घर नागपूरच्या महाल भागात, माझ्या परतीच्या वाटेवर आहे. एका रविवारी संध्याकाळी, त्याच्या आईवडिलांना विचारून, मी तिथे गेले आणि तो तासाला जसा बसतो तसाच त्याला बसवले. साडेसहा इंची मोबाइल कंपास पेटीला टेकवलेला, ट्यूब त्याच्या मागच्या भिंतीवर, ब्राइटनेस जवळजवळ तळाला, पिवळसरपणा शेवटपर्यंत. मोजपट्टी त्याच्या डोळ्यापासून मोबाइलपर्यंत धरली तर अंतर 22 सेंटिमीटर भरले. वहीचे पान शेजारी ठेवल्यावर स्क्रीन ओल्या पुठ्ठ्यासारखी दिसत होती. तो मंद अक्षर वाचण्यासाठी पुढे वाकत होता आणि आई तो वाकतो म्हणून डोळ्यांच्या काळजीने ब्राइटनेस आणखी कमी करत होती. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते.

आम्ही आधी टेबल फिरवले, म्हणजे ट्यूब त्याच्या डाव्या हाताला आणि किंचित पुढे आली. तो उजव्या हाताने लिहितो. मग मोबाइलखाली दोन जाड पुस्तके ठेवली, जेणेकरून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खाली राहील. त्यानंतर पिवळसरपणा पूर्ण बंद करून वहीच्या पानाशी ब्राइटनेस जुळवला. पट्टी तळापासून मध्याच्या जरा अलीकडे येऊन थांबली. मग पिवळसरपणा एक तृतीयांशापर्यंत वाढवला. त्याने स्क्रीन थोडी मंद झाली, म्हणून ब्राइटनेस केसभर वर नेला. हा क्रम महत्त्वाचा आहे: खोली, मग ब्राइटनेस, मग पिवळसरपणा, आणि शेवटी पुन्हा एकदा ब्राइटनेस. पिवळसरपणा आधी केला तर वहीशी तुलनाच करता येत नाही, कारण एक पिवळे आणि एक पांढरे यांत उजळ कोणते हे डोळा नीट सांगत नाही.

शेवटी अंतर. माझी स्लाइड त्याने दोन बोटांनी मोठी करून पाहिली आणि खुर्ची मागे घेतली, तेव्हा मोजपट्टीवर 40 सेंटिमीटर आले. मोबाइलएवढ्या लहान स्क्रीनचे अंतर दुप्पट केले की तिच्याकडून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश जवळजवळ चौथाईवर येतो. म्हणजे ब्राइटनेस वाढवूनही त्याच्या डोळ्यांत पूर्वीपेक्षा फार जास्त उजेड जात नव्हता, आणि अक्षर मात्र स्पष्ट होते. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी तासाला तोच द्यावा, कारण मोठे अक्षर मुलाला आपोआप मागे बसवते. टीव्हीवर तास लावत असाल तर चित्राची "Vivid" पद्धत बदलून "Standard" किंवा "Movie" करावी; दुकानात चमकावे म्हणून ठेवलेली ती भडक पद्धत घरी अभ्यासाला योग्य नाही.

पिवळसरपणाची सोय वेगवेगळ्या मोबाइलमध्ये वेगवेगळ्या नावाने असते, पण ती बहुधा `Settings` मधल्या `Display` खालीच मिळते. साध्या अँड्रॉइडमध्ये ती `Night Light`, सॅमसंगमध्ये `Eye Comfort Shield`, शाओमीमध्ये `Reading mode`, आयफोन व आयपॅडमध्ये `Night Shift`, आणि विंडोजच्या लॅपटॉपवर `System`, मग `Display`, मग `Night light` अशी आहे. त्या नावाच्या आत गेल्यावर प्रमाणाची पट्टी आणि वेळ ठरवण्याची जागा दिसते.

वेळ ठरवताना सूर्यास्ताचा पर्याय निवडू नये, असा माझा आग्रह आहे. नागपूर बरेच पूर्वेला असल्यामुळे इथे सूर्य मुंबईच्या आधी मावळतो. नोव्हेंबरच्या अखेरीस साडेपाचच्या सुमारास आणि जूनच्या अखेरीस सातच्या सुमारास. म्हणजे हिवाळ्यात आपल्या मुलीची स्क्रीन तासाच्या तासभर आधीच पिवळी होईल, तर जून-जुलैमध्ये साडेसहाला पांढऱ्या स्क्रीनवर सुरू झालेला तास सातला मध्येच रंग बदलेल. गेल्या पावसाळ्यात नकाशा चालू असताना एका मुलीने मला "मॅडम, तुम्ही रंग बदलला का?" असे विचारले, त्याचे कारण हेच होते. स्वतःची वेळ टाकण्याचा पर्याय निवडून सव्वासहा ही सुरुवात ठेवावी, म्हणजे डोळे तासाआधीच त्या छटेला सरावतात. चित्रकलेचा किंवा नकाशाचा तास असेल त्या दिवशी तेवढा वेळ पिवळसरपणा बंदच ठेवावा. दिवसातल्या 45 मिनिटांनी झोपेचे काही बिघडणार नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आणखी एक तक्रार येते: ब्राइटनेस ठेवला होता तसा राहत नाही, स्क्रीन आपोआप मंद होते, मोबाइल बिघडला का? बहुधा तो बिघडलेला नसतो. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये संध्याकाळी सातलाही खोली तापलेली असते, त्यात मोबाइल चार्जिंगला लावलेला, जाड कव्हरमध्ये, गादीवर ठेवलेला, आणि व्हिडिओचा तास चालू. असा तापलेला मोबाइल स्वतःला वाचवण्यासाठी उजेड कमी करतो. मागून हात लावून पाहिले तर चटका जाणवतो. तासाआधीच चार्ज करून घ्यावा, तासापुरते कव्हर काढावे आणि मोबाइल टणक पृष्ठभागावर उभा करावा. त्या वेळी ब्राइटनेस वर ओढत राहिल्याने तो आणखी तापतो.

आठला तास संपल्यानंतरचा वेळ झोपेसाठी तासातल्या कोणत्याही पट्टीपेक्षा निर्णायक आहे. आपली मुलगी सकाळी लवकर उठत असेल तर तिला साडेनऊपर्यंत झोपायला हवे, कारण 6 ते 12 वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान 9 तास झोप लागते. म्हणजे मध्ये दीड तास उरतो. या वेळात मोबाइल परत तिच्या हाती जाऊ नये, गृहपाठ मी याच कारणासाठी वहीवर देते, आणि पांढरी ट्यूब बंद करून तो पिवळा बल्ब लावावा. गृहपाठाचा फोटो पाठवायचा असेल तर तो आपण पाठवावा. एखाद्या दिवशी स्क्रीन लागलीच, तर तेव्हा पिवळसरपणा पूर्ण आणि ब्राइटनेस कमी ठेवण्यास माझी हरकत नाही. त्या वेळी नकाशा वाचायचा नसतो.

डोकेदुखीबद्दल मात्र एक मर्यादा सांगते. वर सांगितलेले सगळे आठ-दहा दिवस नीट पाळूनही तिचे डोके दुखत राहिले, ती एक डोळा बारीक करून पाहत असेल, स्क्रीन मोठी केली तरी पुढे सरकत असेल, किंवा शाळेत फळा दिसत नाही म्हणत असेल, तर पट्ट्या बदलत बसू नये, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी आम्ही पंधरा दिवस उजेड कमी-जास्त करत राहिलो आणि शेवटी तिला चष्म्याचा नंबर निघाला. ते पंधरा दिवस मी वाया घालवले, असे मला आजही वाटते. पिवळसर स्क्रीन नंबर थांबवत नाही आणि असलेला कमीही करत नाही.

तासाच्या मध्यावर, सव्वासातला, मी दोन मिनिटांचा थांबा घेते. तेव्हा तिने गॅलरीत किंवा खिडकीशी उभे राहून समोरच्या इमारतीकडे किंवा झाडाकडे पाहावे. मोबाइलवर दुसरे काही उघडू नये. आणि मीही माझ्याकडून पिवळी अधोरेखने बंद केली आहेत, आता शब्दाभोवती काळी चौकट काढते, जेणेकरून कोणाच्या स्क्रीनचा रंग काहीही असला तरी ती दिसेल.

उद्या सव्वासहाला वर्ग उघडून ठेवते. आपण मुलीला तिच्या नेहमीच्या जागी बसवून कॅमेरा चालू करावा आणि वहीचे कोरे पान स्क्रीनशेजारी धरून बसावे. मी एक पांढरी आणि एक काळी स्लाइड आलटून पालटून लावीन. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड दोन्ही वेळा सारखा राहतो का ते मला इकडून दिसेल, आणि पान नि स्क्रीन सारखे दिसतात का ते आपण तिकडून सांगावे.